पगार स्लिपच्या फोटोतून रकमा काढताना: प्रकल्प नोंदी

३ जून

काम असं आहे. मोबाइलवर काढलेला पगार स्लिपचा फोटो येतो. त्यातून मूळ वेतन, प्रत्येक भत्ता आणि प्रत्येक कपात नावासकट वेगळी काढायची आणि पुढच्या प्रणालीला नाव-रकमेच्या जोड्या द्यायच्या. फोटोतला मजकूर ओळखण्यासाठी टेसरॅक्ट हा ओसीआर प्रोग्राम आहेच, त्यामुळे पहिल्यांदा वाटतं की निम्मं काम झालं. पण टेसरॅक्ट शब्द देतो, जोड्या देत नाही. ‘८,९६०’ हा शब्द बरोबर वाचला गेला, तरी तो घरभाडे भत्ता आहे की प्रवास भत्ता, या महिन्याचा आहे की ठरलेल्या दराचा, हे शब्दात कुठेच नसतं. ते फक्त कागदावरच्या जागेत असतं.

म्हणून बाहेर काय द्यायचं ते आधीच पक्कं करून ठेवतो. नुसती किल्ली आणि रक्कम पुरणार नाही. कागदावर छापलेलं नाव आणि ओसीआरने वाचलेली मूळ अक्षरंही सोबत जायला हवीत.

```json
{
  "section": "earnings",
  "key": "house_rent_allowance",
  "label_raw": "House Rent Allow.",
  "value_raw": "8,960.00",
  "value": 896000,
  "status": "ok"
}
```

`value` पूर्णांकात आहे, म्हणजे रकमेची शंभर पट. दशांश चिन्ह असलेल्या संख्या फ्लोटमध्ये ठेवल्या की बेरजेत शेवटच्या घरात नको ते अंक डोकावतात, आणि इथे सगळी मदार बेरजेवर राहणार आहे.

नमुन्यादाखल एक काल्पनिक स्लिप तयार करून, छापून, तिचे निरनिराळ्या अवस्थांतले फोटो काढले आहेत. खऱ्या स्लिपा चाचणीला घेताना नाव, खाते क्रमांक आणि कर्मचारी क्रमांक फोटोतच काळे करून घ्यायचे. त्यांची आपल्याला गरज नाही.

५ जून

फोटो सरळ करण्याचं काम. कागदाचे चार कोपरे शोधायचे, `cv2.getPerspectiveTransform` आणि `cv2.warpPerspective` वापरून कागद समोरून पाहिल्यासारखा करायचा. कागद पांढरा आणि टेबलही पांढरं असेल तर कोपरे सापडत नाहीत. तेव्हा तक्त्याची बाहेरची चौकट शोधणं जास्त भरवशाचं.

अक्षरांच्या उंचीकडे पाहणं महत्त्वाचं आहे. मोठ्या अक्षराची उंची वीस-तीस पिक्सेलच्या आसपास असेल तर टेसरॅक्ट नीट चालतो. त्याच्या निम्म्यावर आली की अंक एकमेकांत मिसळायला लागतात. मेसेजिंग अॅपवरून आलेला फोटो लहान होऊन येतो, आणि तो नंतर मोठा केला तरी गेलेला तपशील परत येत नाही. उंची फारच कमी असेल तर पुढे न जाता ‘जवळून पुन्हा फोटो काढा’ असं सांगायचं. चुकीची रक्कम देण्यापेक्षा हे बरं.

तक्त्याच्या उभ्या रेषांचा त्रास वेगळाच आहे. रकमेला चिकटून असलेली उभी रेष ओसीआरला ‘एक’ हा अंक वाटते, आणि १,४०० चे ११,४०० होतात. उभ्या रेषा काढून टाकल्या की हे थांबतं: उंच आणि अरुंद कर्नल घेऊन मॉर्फोलॉजिकल ओपनिंग केलं की फक्त लांब उभ्या रेषा उरतात, त्या मूळ चित्रातून वजा करायच्या. कर्नलची उंची अक्षराच्या उंचीच्या निदान तिप्पट ठेवली, नाहीतर खऱ्या ‘एक’चीच दांडी जाते. आडव्या रेषा वजा करण्याआधी त्यांच्या जागा साठवून ठेवल्या आहेत. पुढे लागतील असं वाटतंय.

९ जून

नमुना स्लिप अशी आहे. डावीकडे मिळकत: नाव, दर, मिळालेली रक्कम. उजवीकडे कपात: नाव, रक्कम. महिना ३० दिवसांचा, पगारी दिवस २८.

मिळकतीत मूळ वेतन दर २४,००० आणि मिळाले २२,४००. घरभाडे भत्ता ९,६०० आणि ८,९६०. प्रवास भत्ता १,५०० आणि १,४००. विशेष भत्ता ६,३०० आणि ५,८८०. जादा कामाचा मोबदला, दराची जागा रिकामी, मिळाले १,२७५. बेरीज दराची ४१,४००, मिळालेल्याची ३९,९१५.

कपातीत भविष्य निर्वाह निधी २,६८८, आयकर १,१५०, अॅडव्हान्स वसुली २,०००, कॅन्टीन ३८५. एकूण ६,२२३. निव्वळ देय ३३,६९२.

`--psm 6` लावलं की टेसरॅक्ट सगळा कागद एकच मजकुराचा ठोकळा समजतो, आणि ओळ सलग डावीकडून उजवीकडे वाचतो. मूळ वेतनाच्या ओळीतच भविष्य निर्वाह निधी येऊन बसतो. ‘ओळीतलं पहिलं नाव, ओळीतली शेवटची रक्कम’ असा नियम लावला तर मूळ वेतन २,६८८ निघतं, आणि त्यावर कोणतीही तक्रार होत नाही. `--psm 11` विखुरलेला मजकूर शोधतो, शब्द जास्त सापडतात, पण क्रमाची हमी नाही. मी ओळींचा नाद सोडला. `image_to_data` मधून प्रत्येक शब्दाचा चौकोन घेतो (`left`, `top`, `width`, `height`, `conf`) आणि मांडणी स्वतः बांधतो.

रकमांचे रकाने कसे ओळखायचे, याचं उत्तर कागदातच आहे. रकमा उजव्या कडेला लावून छापतात. २२,४०० आणि ३८५ यांची डावी कड कुठेही असो, एका रकान्यातल्या रकमांची उजवी कड एका उभ्या रेषेत येते. म्हणून गट उजव्या कडेवरून पाडायचे.

```python
def columns(amounts, gap=25):
    right = lambda w: w["left"] + w["width"]
    cols, last = [], None
    for w in sorted(amounts, key=right):
        if last is None or right(w) - last > gap:
            cols.append([])
        cols[-1].append(w)
        last = right(w)
    return cols
```

नमुना स्लिपवर तीन स्वच्छ गट पडले: दर, मिळालेले, कपात. फक्त तक्त्याच्या शीर्षकाच्या खालचे आणि बेरजेच्या ओळीपर्यंतचे शब्द द्यायचे, नाहीतर वरची तारीख आणि पगारी दिवस घुसतात. फोटो आधी सरळ केलेला नसेल तर हे सगळं कोलमडतं, कारण उजव्या कडाच तिरप्या जातात.

११ जून

आज लेखा विभागातल्या सहकारी ताईंना नमुना दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “तुम्ही यातला कोणता आकडा उचलताय, ठरलेला की मिळालेला?” नेमकी गोम तिथेच आहे. दराचा रकाना म्हणजे पूर्ण महिना भरला असता तर मिळाली असती ती रक्कम. मिळालेला रकाना म्हणजे बिनपगारी दिवस वजा जाऊन हातात पडलेली. काही स्लिपांवर तिसरा रकाना असतो, वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकूण रक्कम. तिन्ही रकान्यांत ‘मूळ वेतन’ हेच नाव लागू होतं.

रकान्याचं शीर्षक वाचता आलं तर प्रश्नच नाही. पण शीर्षकं बहुधा लहान, कधी गडद पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत असतात आणि फोटोत तीच आधी जातात. मग बेरजेवरून ठरवता येईल का? नुसत्या रकान्याच्या बेरजेवरून नाही, कारण दराचा रकानाही स्वतःशी जुळतो: त्याची बेरीज ४१,४०० आहे आणि तेवढीच छापलेलीही आहे. निवाडा निव्वळ देय रकमेवर होतो. ३९,९१५ वजा ६,२२३ बरोबर ३३,६९२, हे छापल्याप्रमाणे आहे. ४१,४०० वजा ६,२२३ म्हणजे ३५,१७७, आणि ही रक्कम स्लिपवर कुठेच नाही. म्हणून उचलायचा तो दुसरा रकाना.

वर्षभराच्या रकान्यासोबत वर्षभराची कपात आणि निव्वळही छापलेली असेल तर तो रकानाही या कसोटीला उतरतो. तिथे अक्षरी रक्कम कामाला येते. निव्वळ देय बहुतेक वेळा अक्षरातही लिहिलेलं असतं, आणि ते याच महिन्याचं असतं. शिवाय अक्षरांत एखादं अक्षर चुकलं तरी शब्द ओळखता येतो. अंकांमध्ये तशी सवलत नाही. आकड्यांच्या बाहेरचा हा एकमेव साक्षीदार, त्यामुळे त्याला स्वतंत्रपणे वाचायचं ठरवलं.

ताईंनी जाता जाता आणखी एक सांगितलं: मागच्या महिन्यात जास्त दिलेलं परत घेताना काही जण ते कपातीत न टाकता मिळकतीतच उणे लिहितात, कधी वजाचं चिन्ह लावून, कधी रक्कम कंसात घालून. कंस हा वजाचा अर्थ म्हणून वाचायला हवा. आकडे स्वच्छ करताना तो उडवून टाकला तर रक्कम अधिक होऊन बसते.

१६ जून

बेरजेच्या कसोट्या बसवल्या. समीकरणं चार: मिळकतीच्या ओळींची बेरीज म्हणजे एकूण मिळकत, कपातीच्या ओळींची बेरीज म्हणजे एकूण कपात, छापलेल्या एकूण मिळकतीतून एकूण कपात वजा केली की निव्वळ, आणि निव्वळ म्हणजे अक्षरी रक्कम. ओळींच्या बेरजांना काहीही सूट नाही. निव्वळ रकमेला एकाच्या आतला फरक चालेल, कारण काही ठिकाणी ती पूर्णांकात करून छापतात.

या चारांची गंमत अशी की कोणतं समीकरण मोडलं यावरून चूक कुठे आहे ते कळतं. आज सुरकुतलेल्या कागदाच्या फोटोत पहिलं समीकरण मोडलं, बाकी तीन टिकली. ओळींची बेरीज ३४,९१५ आली, छापलेली एकूण ३९,९१५. तिसऱ्या समीकरणात हीच एकूण मिळकत वापरली आहे आणि ते जुळतंय, म्हणजे एकूण बरोबर आहे. चूक मिळकतीच्या एखाद्या ओळीत आहे. उलट पहिलं आणि तिसरं दोन्ही मोडले असते तर आधी एकूण मिळकतीच्या आकड्यावरच संशय घेतला असता.

फरक ५,०००. एकाच अंकावर पुढे शून्यं, म्हणजे बहुधा एका रकमेतला एकच अंक चुकला आहे, हजाराच्या घरातला, आणि तो पाचने कमी वाचला गेला आहे. आता उमेदवार पाहू. घरभाडे भत्ता ३,९६० वाचला गेलाय. तो ८,९६० असू शकतो. मूळ वेतन २२,४०० चे २७,४०० होऊ शकतात. प्रवास भत्ता १,४०० चे ६,४००, जादा काम १,२७५ चे ६,२७५. विशेष भत्त्याच्या हजाराच्या घरात आधीच पाच आहे, त्यात पाच मिळवले तर एका अंकात मावत नाही, तो बाद.

इंग्रजी अंकांतला तीन आणि आठ यांची गल्लत सर्वांत नेहमीची; आठाची डावी बाजू छपाईत फिकी पडली की तीन उरतो. शिवाय त्या शब्दाची `conf`, म्हणजे ओसीआरची स्वतःची खात्री, बाकीच्यांपेक्षा कमी आहे. पण एवढ्यावर मी रक्कम बदलणार नाही. आणखी एक साक्ष दराच्या रकान्यात आहे. ९,६०० गुणिले २८ भागिले ३० म्हणजे बरोबर ८,९६०. मूळ वेतनाचे २७,४०० झाले असते तर ते स्वतःच्या २४,००० दरापेक्षा जास्त भरले असते, आणि २८ दिवसांत ते शक्य नाही. प्रवास भत्त्याचंही तेच. जादा कामाला दर नाही, पण एक आणि सहा यांची गल्लत सहसा होत नाही.

या गुणोत्तरालाही मर्यादा आहे. काही भत्ते दिवसांवर कापले जात नाहीत, पूर्ण मिळतात. म्हणून ज्या स्लिपमध्ये बाकीच्या ओळी त्याच प्रमाणात आहेत, तिथेच ही साक्ष धरायची. आणि दुरुस्ती झाली तरी `value_raw` मध्ये ३,९६० तसेच राहतील, `status` मध्ये `repaired` येईल. गुपचूप दुरुस्ती करणारा प्रोग्राम नको.

१८ जून

छोटी नोंद. दशांश टिंब गेलं की १,१५०.०० चे १,१५,००० होतात. फरक मूळ रकमेच्या ९९ पट येतो, म्हणजे इथे १,१३,८५०. म्हणून फरकाला ९९ ने पूर्ण भाग जातो का आणि भागाकार एखाद्या ओळीच्या शंभराव्या भागाएवढा आहे का, हे तपासलं की लगेच सापडतं. स्वल्पविरामांवर मात्र विसंबायचं नाही. कुठे लाखाच्या पद्धतीने पडतात, कुठे तीन-तीन अंकांनी, आणि ओसीआर त्यांना टिंब करून टाकतो ते वेगळंच. शेवटच्या विरामचिन्हानंतर दोन अंक असतील तर तो दशांश, तीन असतील तर स्वल्पविराम, एवढाच नियम ठेवलाय.

२३ जून

आज जे सापडलं त्याने सगळ्या कसोट्यांखालची जमीन थोडी हलली. दुमडून खिशात ठेवलेल्या स्लिपचा फोटो. चारही समीकरणं जुळली, स्थिती `ok`. तरी प्रवास भत्त्यासमोर ५,८८० आणि विशेष भत्त्यासमोर १,४००.

कारण उघड आहे. बेरजेला क्रम कळत नाही. रकमा बरोबर वाचल्या आणि नावांची अदलाबदल झाली, तर बेरीज तीच. अंकाची चूक बेरीज पकडते, जोडीची चूक पकडूच शकत नाही.

जोडी चुकते कशी? सरळ केलेल्या चित्रात तक्ता सुमारे १,८०० पिक्सेल रुंद आहे आणि दोन ओळींमधलं अंतर ४६ पिक्सेल. कागद एक अंश जरी कललेला राहिला तरी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत ओळ ३१ पिक्सेल सरकते. अर्धी ओळ म्हणजे २३. म्हणजे नावाच्या उंचीवर सरळ आडवं जाऊन रक्कम शोधली तर एका अंशातच शेजारच्या ओळीत पाय पडतो. सबंध कागद सारखा कललेला असेल तर तो फिरवून निभावतं. घडी पडलेल्या कागदात प्रत्येक भागाचा कल वेगळा, त्यामुळे चार कोपऱ्यांवरून सरळ करणं पुरत नाही.

दोन गोष्टी बदलल्या. पहिली: नावापासून रकमेपर्यंत एकदम उडी मारायची नाही. उजव्या बाजूच्या सर्वांत जवळच्या शब्दाकडे जायचं, तिथून त्याच्या पुढच्याकडे. नाव, मग दर, मग मिळालेली रक्कम. एकेका टप्प्यात ओळ फार थोडी सरकते, आणि प्रत्येक टप्प्यावर संदर्भाची उंची नव्याने घेतली जाते. अंधारात भिंत चाचपत जाण्यासारखं आहे. हात सुटला नाही तर वाट चुकत नाही. दुसरी: जिथे आडव्या रेषा छापलेल्या आहेत तिथे ५ तारखेला साठवलेल्या त्यांच्या जागा वापरायच्या. रेष कागदाबरोबर वाकते, म्हणून दोन रेषांमधलं जे काही आहे ते एका ओळीचं, मग ती कितीही वाकलेली असो.

शिवाय जोडीची स्वतंत्र तपासणी हवी. प्रत्येक नावासमोर मिळालेल्या रकान्यात नेमकी एक रक्कम असली पाहिजे. एका नावाला दोन आणि शेजारच्याला शून्य मिळाल्या तर ओळ घसरली. पण आजच्यासारखी साफ अदलाबदल झाली तर मोजणीही जुळते. ती दराने पकडली: प्रवास भत्त्याचा दर १,५०० आणि मिळाले ५,८८०, हे पटत नाही. ज्या स्लिपवर दराचा रकानाच नाही आणि आडव्या रेषाही नाहीत, तिथे असा कुठलाच आधार नाही. तिथे टप्प्याटप्प्याने जाताना कोणत्याही टप्प्यावर उंचीतला फरक ओळीच्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त निघाला, तर स्लिप माणसाकडे पाठवायची.

दोन ओळींत मोडलेलं लांब नाव याच तपासणीत अडकतं, कारण दुसऱ्या ओळीसमोर रक्कम नसते. पुढच्या नावाला रक्कम असेल आणि या तुकड्याला दराच्या रकान्यातही काही नसेल, तर तो वरच्या नावाला जोडायचा. रक्कम पहिल्या ओळीसमोर छापलेली असेल तर हे चालतं. दोन ओळींच्या मधोमध छापलेली असली की रेषाच बघाव्या लागतात.

२६ जून

नावांवरून किल्ल्या. एकाच भत्त्याची अनेक रूपं: पूर्ण नाव, तोडलेलं नाव, फक्त आद्याक्षरं, मराठीत छापलेलं नाव. रूपांची यादी केली आणि ओसीआरच्या चुकांसाठी थोडी ढील ठेवली. लांब नावांत दोन अक्षरांचा फरक चालतो. चार अक्षरांपर्यंतच्या नावांत अजिबात नाही: डीए आणि टीए यांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि भत्ते अगदी वेगळे, महागाई आणि प्रवास.

किल्ली ठरवताना विभाग आधी बघायचा. ‘पीएफ’ कपातीत असला तर कर्मचाऱ्याचा हिस्सा. काही स्लिपांवर मालकाचा हिस्साही वेगळ्या ठिकाणी त्याच नावाने छापतात, आणि तो निव्वळमधून वजा होत नाही. तो कपातीत धरला की दुसरं समीकरण नेमकं तेवढ्याच रकमेने मोडतं, त्यामुळे ओळखायला सोपा.

यादीत नसलेलं नाव ओढूनताणून जवळच्या किल्लीत बसवायचं नाही. `other_allowance` किंवा `other_deduction`, सोबत छापलेलं नाव जसंच्या तसं. थकबाकी दोन ओळींत आली तर दोन जोड्या द्यायच्या, बेरीज करून एक नाही. म्हणूनच बाहेर डिक्शनरी नाही, यादी जाते.

१ जुलै

स्थिती तीनच ठेवल्या. `ok` म्हणजे चारही समीकरणं जुळली आणि जोडीची तपासणी पास झाली. `repaired` म्हणजे एकच अंक बदलला आणि त्याला बेरजेखेरीज दुसरा पुरावा होता. बाकी सगळं `review`. दोन उमेदवार सारखेच पटण्याजोगे असले तरी `review`. एकाच स्लिपमध्ये दोन दुरुस्त्या लागत असल्या तरीही, कारण दोन चुका एकमेकींना पुसून टाकू शकतात आणि तेव्हा फरकावरून काहीच सांगता येत नाही.

तपासणाऱ्या माणसाला पूर्ण स्लिप न दाखवता संशयित ओळीचा कापलेला तुकडा दाखवतो, नाव आणि रक्कम दोन्ही दिसतील इतका, वरखालची एकेक ओळ धरून. नुसता रकमेचा तुकडा दाखवला तर आठ की तीन हे कळतं, पण ती रक्कम कोणाची हे नाही.

पेनाने खोडून वर लिहिलेल्या रकमा आज तरी आवाक्याबाहेर आहेत. ओसीआर खालचा छापलेला आकडा खाडाखोडीसकट वाचायचा प्रयत्न करतो, `conf` पडते आणि स्लिप आपोआप `review` मध्ये जाते. खाडाखोड हलकी असेल तर मात्र जुना आकडा स्वच्छ वाचला जातो, आणि एकूणही जुनीच छापलेली असल्याने समीकरणं जुळतात. त्यासाठी तक्त्याच्या आत छपाईहून वेगळ्या रंगाची शाई दिसली की स्लिप बाजूला काढायची, असा नियम उद्या बसवतो. शिक्का तक्त्यावर आलेल्या स्लिपाही त्यात अडकतील, ते चालेल.